वर्षात पाचव्यांदा खाज आणि पांढरं जाणं, दरवेळी तीच गोळी... आता नक्की काय तपासून घेऊ?

नेरुळची_माधवी | सोमवार, रात्री ११.२०

मैत्रिणींनो, आयडी नवीन काढलाय कारण इथे ओळखीच्या खूप जणी आहेत आणि विषय असा आहे की समोरासमोर बोलायचा धीर होत नाही. वय ४७, डायबेटिस होऊन सहा वर्षं झाली, राहते नेरुळला, ऑफिस ऐरोलीला. यावर्षी जानेवारीपासून पाचव्यांदा तेच चाललंय. आधी खाली खाज, मग पनीरच्या चुऱ्यासारखं पांढरं जातं, लघवी करताना इतकी आग होते की ऑफिसात पाणी प्यायचं टाळते.

जानेवारीत खोकल्यासाठी पाच दिवस अँटिबायोटिक झालं आणि ते संपता संपता पहिल्यांदा सुरू झालं. केमिस्टने क्लोट्रिमाझोलची क्रीम दिली, बरं वाटलं. मार्चमध्ये लघवीला जळजळ, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लघवीची रुटीन तपासणी केली, पस सेल्स आले म्हणून युरिन इन्फेक्शन सांगून परत अँटिबायोटिक, जळजळ तर गेली नाहीच उलट आठवड्यात खाज दुप्पट. मे महिन्यात फ्लुकोनाझोल १५० ची एक गोळी. जुलैमध्ये परत जळजळ परत अँटिबायोटिक, नंतर केमिस्टने एक किट दिलं त्यात चार गोळ्या होत्या. आणि आता गणपती झाल्यावर परत. साखर थोडी वर आहे हे मान्य आहे, पण पाच वेळा म्हणजे काहीतरी वेगळं असेल का? कुठली क्रीम चांगली ते सांगाल का कोणी, आता नवऱ्याला पण संशय येतोय की मी काही लपवतेय का.

मीनल_ऐरोली | सोमवार, रात्री ११.४८

माधवी घाबरू नकोस गं, हे फंगल आहे, मला पण व्हायचं. साखर हेच फंगसचं खाणं, त्यामुळे गोड पूर्ण बंद कर, भात-मैदा सगळंच. रोज दोन वाट्या दही खा आणि थोडं आतून लावलं तरी चालतं, माझी काकू करते. आणि गोळी एकटीने घेऊन उपयोग नाही, नवऱ्याला पण द्यायची नाहीतर तो परत तुला देतो, म्हणूनच परत परत होतं. कॉटनच्या पँटी उन्हात वाळव, पावसाळ्यात दमट राहतात. एवढं केलंस की टेस्टबिस्ट काही लागत नाही.

प्रकाश_घोडबंदर | मंगळवार, सकाळी ७.१०

माझ्या आईला पण हे झालं होतं, जिभेवर पांढरा थर, जेवताना झोंबायचं. ती दम्याचा पंप घेते. डॉक्टर म्हणाले पंप घेतल्यावर चूळ भरत नाही म्हणून होतं. आता स्पेसर वापरते आणि दरवेळी गुळणी करते, परत झालं नाही. तुम्ही पण पंप घेता का?

सुलभाताई_नौपाडा | मंगळवार, सकाळी ९.३५

प्रकाश, ते तोंडातलं, बुरशी त्याच कुळातली पण इथे प्रश्न वेगळ्या जागेचा आहे. आईंना गुळणी चालू ठेवायला सांग, बरोबर सल्ला मिळालाय.

माधवी, मी डॉक्टर नाही, ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये २६ वर्षं काम करून आता घरी आहे. क्रीम कुठली चांगली हा प्रश्न आत्ता बाजूला ठेव, कारण तुझ्या लिहिण्यात मला एक गोष्ट खटकली ती म्हणजे पाच वेळात एकदाही कोणी स्वॅब घेतलेला नाही. युरिन कल्चर पण नाही. लघवी रुटीन झाली, पण रुटीनमध्ये पस सेल्स दिसले म्हणजे ब्लॅडरला इन्फेक्शन असा अर्थ होत नाही. अंगावर जात असेल आणि नमुना नीट घेतला नसेल तर तेच पस सेल्स खालून लघवीच्या डबीत उतरतात. तो मार्चचा रिपोर्ट काढ आणि एपिथेलियल सेल्स किती लिहिलेत ते बघ. दहाच्या वर असतील तर डबीत कातडीचा आणि स्रावाचा माल आलाय असं आम्ही समजायचो.

दुसरं, जळजळ नेमकी कधी होते? लघवी सुरू होतानाच आतून, ओटीपोटात कळ येऊन, सारखं जावंसं वाटून, का लघवी बाहेर येऊन सोललेल्या कातडीला लागते तेव्हा? दोन्हीला आपण 'लघवीला जळजळ' हेच म्हणतो आणि तिथेच गाडी चुकते. बाहेरच्या जळजळीवर अँटिबायोटिक घेतलं की आतले चांगले लॅक्टोबॅसिलस मरतात, बुरशीला रान मोकळं, मग आग आणखी वाढते, मग परत लघवीचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक. तुझं हेच चक्र असेल असं म्हणत नाही, पण तुझ्या तारखा तसं सांगतात.

आणि तिसरं, डायबेटिसच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत त्यांची नावं लिही. कधी सुरू केल्या तेही लिही.

नेरुळची_माधवी | मंगळवार, दुपारी १.०५

ताई रिपोर्ट काढून बघितला, एपिथेलियल सेल्स १२-१५, पस सेल्स १५-२०, ग्लुकोज ४ प्लस, यीस्ट सेल्स प्रेझेंट असं शेवटच्या ओळीत लिहिलंय!! हे कोणी मला सांगितलंच नाही, आणि मी पण पस सेल्सच्या पुढे वाचलंच नव्हतं.

जळजळ बाहेरच आहे. आत्ता विचार केल्यावर लक्षात येतंय, जेट स्प्रेचं पाणी लागलं तरी तशीच होते. कळ वगैरे नाही.

गोळ्या: मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन १०. तिसरी गेल्या डिसेंबरमध्ये सुरू केली, साखर ऐकत नव्हती म्हणून.

अमोल_फार्मसी | मंगळवार, दुपारी २.४०

मी कोपरखैरण्यात मेडिकल चालवतो, बी.फार्म आहे, पुरुष म्हणून या धाग्यावर लिहावं का असा विचार करत होतो पण गोळ्यांची नावं बघून राहवलं नाही.

डिसेंबरमध्ये डापाग्लिफ्लोझिन आणि जानेवारीत पहिला त्रास, हे जुळतंय. ही गोळी साखर किडनीतून लघवीत काढून टाकते, कंपनीच्या माहितीपत्रकात दिवसाला साधारण ७० ग्रॅमचा आकडा आहे, म्हणजे घरातल्या चमच्याने १४ चमचे साखर. ती सगळी त्याच जागेवरून जाते. म्हणून माधवीताईंच्या रिपोर्टमध्ये ग्लुकोज ४ प्लस आलं, रक्तातली साखर १३० असती तरी या गोळीवर लघवीत साखर येणारच. त्याच पत्रकात १०० पैकी साधारण ७ स्त्रियांना खालचं फंगल इन्फेक्शन झाल्याचं लिहिलंय, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटात दीडच्या आसपास. २०२० मध्ये पेटंट संपलं आणि ही गोळी एकदम स्वस्त झाली, आता आमच्याकडे दहा प्रिस्क्रिप्शनमधल्या कित्येकांवर असते, पुरुषांनाही पुढच्या कातडीला खाज येते आणि ते लाजून सांगत नाहीत. माझ्या मते ताई डॉक्टरांना सांगून ही बंदच करून टाका, मूळच तिथे आहे.

जुलैच्या किटबद्दल. ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम, फ्लुकोनाझोल १५० ची एक आणि सेक्निडाझोलच्या दोन, हेच ना? त्यातली बुरशीवर फक्त एक गोळी, बाकी तीन अँटिबायोटिक गटातल्या. ते किट वेगळ्या प्रकारच्या इन्फेक्शनसाठी, डॉक्टरांनी बघून द्यायचं असतं. आमच्या लाईनमध्ये पांढरं जातंय म्हटलं की काउंटरवरून तेच सरकवतात, मी स्वतः आधी नोकरीला होतो तिथे मलाही तसंच शिकवलं होतं आणि मी दिलेली आहेत, आता देत नाही.

अजून एक, फ्लुकोनाझोल ग्लिमेपिराइडला शरीरात लवकर संपू देत नाही, त्यामुळे साखर अचानक खाली जाऊ शकते. मे महिन्यात गोळी घेतल्यावर काही झालं होतं का?

नेरुळची_माधवी | मंगळवार, दुपारी ३.१५

अमोलदादा अंगावर काटा आला वाचून. मे महिन्यात गोळी घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रेनमध्ये तुर्भे सोडल्यावर हातपाय थरथरायला लागले, कुर्ता मागून पूर्ण भिजला, शेजारच्या मुलीने पर्समधलं चॉकलेट दिलं. घणसोलीला उतरून बाकावर बसून मोजली तर ५८. मी नाश्ता उशिरा करते म्हणून झालं असं समजून सोडून दिलं होतं.

अमोल_फार्मसी | मंगळवार, दुपारी ३.३०

नाश्ता उशिरा झाला हेही कारण असू शकतं, गोळीमुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही. पण डॉक्टरांना ही ५८ ची गोष्ट नक्की सांगा, कारण वारंवार होणाऱ्या त्रासात फ्लुकोनाझोल एक नाही, तीन दिवसांच्या अंतराने तीन गोळ्या आणि मग सहा महिने आठवड्याला एक असं देतात. ग्लिमेपिराइड चालू असताना तसं द्यायचं तर डोस बघावा लागेल, घरी ग्लुकोमीटर लागेल.

अनघा_खारघर | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

अमोल, बंदच करून टाका असं लिहू नका प्लीज. मला हार्टचा त्रास आहे, पंपिंग कमी आहे, त्याच गटातली एम्पाग्लिफ्लोझिन घेते. मलाही सुरुवातीला तीन-चार महिन्यात दोनदा झालं, मी स्वतःच दोन आठवडे बंद केली आणि कार्डिओलॉजिस्ट चिडले, कारण ती माझ्यासाठी साखरेची गोळीच नाहीये, हार्टसाठी आहे. किडनीवाल्यांना पण देतात. मग स्वॅब करून नीट उपचार घेतले, लघवीनंतर नुसत्या पाण्याने धुऊन कोरडं पुसते, गोळी चालू आहे. वर्षात एखाद वेळा होतं. माधवीने बंद करावी की नाही हे तिला ही गोळी कशासाठी दिलीय त्यावर आहे ना.

सुलभाताई_नौपाडा | मंगळवार, रात्री ८.२०

अनघाचं म्हणणं लक्षात घे. गोळीचा निर्णय फिजिशियनचा, पण त्यांना हे माहीत तर हवं, पाच वेळा झालंय हे त्यांच्या कागदावर कुठेच नाही असं मला दिसतंय, कारण तू हा त्रास दरवेळी दुसरीकडे दाखवलास. आणि ही गोळी घेणाऱ्या सगळ्यांसाठी एक गोष्ट, खाजेच्या जागी एकदम वेदना, सूज, ताप आला तर केमिस्टकडे नाही, सरळ कॅज्युअल्टीत. क्वचित होतं पण त्यात रात्र काढायची नसते.

मीनल, तुझं निम्मं बरोबर आहे. साखर ताब्यात आणायला हवीच, पण रोजची जिलबी सोडली आणि तीन महिन्यांची सरासरी तशीच राहिली तर उपयोग नाही, म्हणून एचबीएवनसी बघायचं. भात पूर्ण सोडायची गरज नाही. दही खायला काही हरकत नाही, आतून मात्र लावू नका, त्याने बरं होतं असा भरवशाचा पुरावा मला कधी दिसला नाही आणि स्वॅबमध्ये सगळा गोंधळ होतो. नवऱ्याला त्रास नसेल तर सरसकट गोळी देत नाहीत, हे काही त्याच्याकडून येणारं दुखणं नाही. माधवी, तू काही लपवत नाहीयेस हे त्याला या पोस्टवरून वाचून दाखव हवं तर.

आता स्वॅबचं. इतकी वर्षं मी तेच केलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गायनॅककडे जा. पाळी नसताना. आत क्रीम किंवा गोळी ठेवली असेल, फ्लुकोनाझोल घेतली असेल तर शक्यतो आठवडा-दोन आठवडे गेल्यावर, नाहीतर बुरशी अर्धमेली असते आणि कल्चर खोटं निगेटिव्ह येतं. तुला आत्ता चालूच आहे आणि यावेळी अजून काही घेतलं नाहीस तर हीच वेळ. खाज सहन होत नसेल तर थंड पाण्याची पट्टी ठेव, खोबरेल बिबरेल काही लावू नकोस तपासणीपर्यंत, डेटॉल आणि वॉश तर नंतरही नकोत. डॉक्टर आतल्या भिंतीवरून दोन काड्या घेतात. एकीची लगेच स्लाइड. पीएचची पट्टी लावतात, बुरशीत पीएच सहसा साडेचारच्या खालीच राहतो, तो वर गेला तर दुसरं काही शोधायचं.

स्लाइडवर १० टक्के पोटॅशचा थेंब टाकला की बाकीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी उरते. नेहमीची अल्बिकन्स असली तर लांब धागे दिसतात, ओल्या भिंतीवर उगवलेल्या मुळ्यांसारखे, ते ओळखायला सोपं. पण डायबेटिसवाल्यांमध्ये ग्लाब्राटा नावाची दुसरी जात बरीच दिसते, ती धागे करतच नाही. नुसते बारीक दाणे, अल्बिकन्सच्या निम्म्या आकाराचे. घाईच्या दिवशी ते नजरेतून सुटतात आणि 'बुरशी दिसली नाही' असा रिपोर्ट जातो. म्हणून दुसरी काडी कल्चरला. रंगीत प्लेटवर अल्बिकन्स हिरवी उगवते, ग्लाब्राटा फिकट जांभळट. मला अजून आठवतं, एका शिक्षिकाबाईंची प्लेट ४८ तासांनी जवळजवळ कोरी होती, मी टाकणार होते, आमच्या मॅडम म्हणाल्या ठेव अजून, आणि चौथ्या दिवशी त्यावर टाचणीच्या डोक्याएवढे जांभळट ठिपके. दोन वर्षं फ्लुकोनाझोल खात होत्या त्या. ग्लाब्राटावर ती गोळी अनेकदा अपुरी पडते.

म्हणून फॉर्मवर नुसतं 'स्वॅब कल्चर' लिहू देऊ नकोस, बऱ्याच ठिकाणी त्यात फक्त बॅक्टेरिया बघतात. फंगल कल्चर, जात ओळखणे आणि सेन्सिटिव्हिटी असं लिहून घे. सोबत युरिन कल्चर, धुऊन, पहिली धार सोडून मधली. आणि एचबीएवनसी.

शलाका_२९ | मंगळवार, रात्री १०.५५

मी वाशीला असते, डायबेटिस नाही. अक्कलदाढ काढली तेव्हा अमॉक्सिसिलिनवालं अँटिबायोटिक सात दिवस होतं, तेव्हापासून मला पण होतंय, तीन महिन्यात तीनदा गोळी घेतली मेडिकलमधून. खाज फार नाही पण पातळ राखाडी जातं आणि वास येतो मासळीसारखा, नवऱ्याजवळ जायला पण नको वाटतं. मग माझं पण तेच ग्लाब्राटा असेल का? आज चौथी गोळी आणलीय, पाळी पाच दिवस लांबलीय त्यामुळे पण टेन्शन.

सुलभाताई_नौपाडा | मंगळवार, रात्री ११.१०

शलाका ती गोळी आज घेऊ नकोस. आधी प्रेग्नन्सी टेस्ट कर. दिवस राहिले असतील तर फ्लुकोनाझोल पोटातून घेत नाहीत, तेव्हा आत ठेवायची क्रीम सात दिवस देतात आणि तीही डॉक्टरांनी बघून.

आणि तुझं वर्णन बुरशीचं वाटतच नाही. बुरशीत वास सहसा येत नाही. मासळीसारखा वास, पातळ राखाडी, खाज कमी, हे बॅक्टेरियल व्हजायनोसिसकडे जातं, किंवा ट्रायकोमोनासकडे, त्याचं औषध पूर्ण वेगळं. ट्रायकोमोनास निघाला तर नवऱ्यालाही औषध लागतं. तीन गोळ्यांनी गेलं नाही यात आश्चर्य काही नाही. पीएच आणि एक स्लाइड, दहा मिनिटांत बरंचसं कळतं. उद्या दाखव.

मीनल_ऐरोली | बुधवार, सकाळी ८.०५

सुलभाताई दह्याचं मी काकूला सांगते. पण नवऱ्याला गोळी दिल्यावर माझं थांबलं होतं हे पण खरं आहे, त्याचं काय?

सुलभाताई_नौपाडा | बुधवार, सकाळी ८.४०

त्याला तेव्हा लालसर चट्टे किंवा खाज होती का? असेल तर त्याला उपचार हवेच होते. नसेल तर तुझं तुझ्या गोळीने थांबलं असेल. आता कसं सांगणार, तेव्हा कोणाचीच तपासणी नव्हती ना.

वैशाली_कळवा | बुधवार, दुपारी १२.२५

उशिरा लिहितेय पण माझ्या सासूबाईंचं सांगायलाच हवं. वय ६६, साखर आहे, दोन वर्षं खाज. पाळी जाऊन पंधरा-सोळा वर्षं झालेली. दरवेळी मेडिकलमधून ती ट्यूब, ज्यात बुरशीचं, अँटिबायोटिक आणि स्टेरॉइड सगळं एकत्र असतं. लावली की दोन दिवसात थंड वाटायचं, सोडली की परत. त्या मला पण सांगायच्या नाहीत, ट्यूब गादीखाली सापडली. रात्री झोपेत खाजवून चादरीला रक्ताचे डाग दिसले तेव्हा ओढून नेलं. डॉक्टरबाईंनी नुसता लाइट लावून बघितलं आणि म्हणाल्या हे फंगल नाहीये, कातडी पांढरी पातळ कागदासारखी झालीय, लायकेन स्क्लेरोसस म्हणून आजार, छोटा तुकडा काढून तपासला आणि तेच निघालं. त्याच्यावर पण स्टेरॉइडच मलम असतं पण कुठलं, किती, किती दिवस हे ठरवून, आणि दर सहा महिन्यांनी दाखवायचं कारण क्वचित त्यात कॅन्सर होऊ शकतो. दोन वर्षं कोणी उजेडात बघितलंच नव्हतं, मी पण नाही. वाईट वाटतं.

नेरुळची_माधवी | पुढचा मंगळवार, रात्री ९.३०

सगळ्यांना अपडेट. गुरुवारी गायनॅककडे गेले, सीवूड्सला. फॉर्मवर ताईंनी सांगितलं तसं लिहा म्हणाले तर मॅडमनी वर बघितलं आणि विचारलं कुठे वाचलंत, मी म्हटलं एका लॅबच्या ताईंनी सांगितलं. छान बोलल्या. स्पेक्युलमची भीती वाटत होती, एक मिनिट पण लागलं नाही, सोललेल्या जागी जरा झोंबलं एवढंच.

पीएच ४. स्लाइडवर धागे नाहीत, बडिंग यीस्ट सेल्स आहेत. कल्चर काल आलं, कॅन्डिडा ग्लाब्राटा, फ्लुकोनाझोलसमोर एसडीडी लिहिलंय. युरिन कल्चर ४८ तासांनी नो ग्रोथ. एचबीएवनसी ९.१.

म्हणजे लघवीचं इन्फेक्शन निदान यावेळी तरी नव्हतंच, आणि मार्च-जुलैमध्ये होतं की नाही ते आता कळायचा मार्ग नाही. दोन अँटिबायोटिक कोर्स मी बहुतेक उगाच खाल्ले. रडू आलं रिक्षात.

मॅडमनी क्लोट्रिमाझोलच्या आत ठेवायच्या गोळ्या १४ रात्री दिल्यात, मी आधी तीन दिवस लावून सोडायचे. याने गेलं नाही तर बोरिक ॲसिडच्या आत ठेवायच्या कॅप्सूल बघू म्हणाल्या. फिजिशियन सरांना फोन केला तर ते डापाग्लिफ्लोझिन बंद करायला तयार नाहीत, लघवीत अल्ब्युमिन जायला लागलंय म्हणून किडनीसाठी हवी म्हणतात, आणि गायनॅक मॅडम म्हणतात इन्फेक्शन जाईपर्यंत तरी थांबवा. दोघांना एकमेकांशी बोलायला सांगितलंय. ग्लिमेपिराइड मात्र ५८ चं ऐकून अर्धी केली आणि दुसरं काहीतरी सुरू करणार आहेत.

सुलभाताई_नौपाडा | मंगळवार, रात्री १०.००

एसडीडी म्हणजे जास्त डोसला कदाचित दबेल, एका गोळीने नाही. तुझी मे महिन्याची गोळी का टिकली नाही ते आता समजलं ना. १४ रात्री पूर्ण कर, आठव्या दिवशी खाज गेली म्हणून सोडू नकोस. मध्ये पाळी आली तर मॅडमना विचार, बहुतेक चालू ठेवायलाच सांगतील, टॅम्पॉन मात्र वापरू नकोस.

अमोल_फार्मसी | मंगळवार, रात्री १०.२०

बंद करा म्हणालो ते मागे घेतो, अल्ब्युमिनचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. बोरिक ॲसिडची वेळ आली तर एक लक्षात ठेवा, ते फक्त आत ठेवायचं, तोंडाने घेतलं तर विष आहे, घरात लहान मूल असेल तर डबी वर ठेवा. गरोदरपणात चालत नाही. आणि कॅरमवर टाकायची पावडर आणून घरी कॅप्सूल भरू नका, मागच्याच महिन्यात एकजण विचारायला आली होती. ६०० मिलिग्रॅमची मोजून तयार केलेली मिळते, सगळीकडे नाही, प्रिस्क्रिप्शन घेऊन या, मी शोधून देतो.

शलाका_२९ | बुधवार, सकाळी ७.४५

टेस्ट निगेटिव्ह आली, पाळी पण आली. पाळी संपली की शुक्रवारी अपॉइंटमेंट घेतलीय. ती गोळी पर्समध्येच आहे.

नेरुळची_माधवी | त्यानंतरचा सोमवार, रात्री ९.१०

आज अकरावी रात्र. खाज जवळजवळ नाही, जेट स्प्रेने झोंबत नाही, आज ऑफिसात दोन बाटल्या पाणी प्यायले. दोन्ही डॉक्टरांचं बोलणं झालं, गोळी तीन आठवडे थांबवून मग परत सुरू करायची ठरलंय, परत झालं तर पुन्हा विचार. ती सुरू करायच्या आधी स्वॅब परत करायचा का, खाज नसताना? गायनॅक मॅडम म्हणतात गरज नाही, मला मात्र करावासा वाटतो.

सुलभाताई_नौपाडा | सोमवार, रात्री ९.४०

मलाही करावासा वाटला असता गं, पण काही त्रास नसलेल्या कितीतरी बायकांच्या स्वॅबमध्ये थोडी बुरशी उगवतेच, तेवढ्यासाठी औषध देत नाहीत. मग रिपोर्ट हातात घेऊन तू झोपणार नाहीस. गोळी सुरू झाल्यावर परत खाज आली तर मात्र काही लावायच्या आधी त्याच लॅबला, तोच फॉर्म. जुना रिपोर्ट सोबत ने.